एकशे तेहेतीसचा पेंटियम

१९९७च्या मे महिन्यात आमच्या जळगावच्या घरातला कॉम्प्युटर दुपारी बारानंतर वेड्यासारखं वागायचा. सकाळी सात वाजता लावला की उत्तम चाले. उन्हं चढली की विंडोज ९५चा निळा पडदा. सगळ्यात विचित्र प्रकार झिप फाइलींचा. सकाळी बांधलेली फाइल दुपारी उघडायला गेलं की 'सीआरसी एरर', म्हणजे आतला मजकूर मूळ मजकुराशी जुळत नाही. तीच फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी विनातक्रार उघडायची. फाइल बिघडलेली नव्हती, मोजणारा चुकत होता.

हा कॉम्प्युटर अण्णांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतला होता. मामाने मुंबईतल्या एका दुकानातून सुटे भाग आणून जोडून घेतला होता. बिलावर लिहिलं होतं 'पेंटियम १३३'. अण्णांना वाटायचं मी काहीतरी नको ते बटण दाबतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारा एक दादा होता. त्याने पंखा काढला, चिप सॉकेटमधून उचलली आणि उन्हात तिरकी धरून पाहिली. वरची छपाई स्वच्छ, पण तिच्याखालचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासल्यासारखा. खालच्या बाजूचे आकडेही पुसलेले. त्याने चिप परत बसवली, मदरबोर्डवरचा एक छोटा जंपर हलवला आणि म्हणाला, "आता हा शंभरचा आहे. आता बघ." त्या दुपारी, बेचाळीस अंशांत, झिप फाइल उघडली.

आम्हाला शंभर मेगाहर्ट्झची चिप एकशे तेहेतीसची म्हणून विकली गेली होती. त्या काळात हा धंदा जोरात होता. जुना आकडा घासायचा, नवा छापायचा, मधला फरक खिशात घालायचा. पण मला राग येण्याआधी कुतूहल वाटलं. जंपर हलवल्यावर शंभरची चिप एकशे तेहेतीसने चाललीच कशी? सकाळी तर ती उत्तम चालत होती!

याचं उत्तर कारखान्यात आहे. शंभरचा आणि एकशे तेहेतीसचा पेंटियम यांचा नकाशा वेगवेगळा काढलेला असतो अशी माझी समजूत होती, बहुतेकांची असते. तसं नसतं. एका नकाशाच्या चिपा एकाच तबकडीवर, शेकड्याने, एकदम बनतात. आकडा नंतर ठरतो.

घड्याळाचा एक ठोका म्हणजे चिपच्या आत काम पुरं करायची मुदत. शंभर मेगाहर्ट्झला ही मुदत दहा नॅनोसेकंदांची, एकशे तेहेतीसला साडेसातची. या मुदतीत विजेचा इशारा एका साठवणखान्यातून निघतो, वाटेतल्या ट्रान्झिस्टरांची रांग ओलांडतो आणि पुढच्या खान्यात पोचतो. अशा लाखो वाटा असतात. सगळ्यात लांबलेली वाट जर मुदतीत पोचली नाही, तर पुढचा खाना जुनंच उत्तर उचलतो. चिप थांबत नाही, धूर येत नाही, फक्त कुठेतरी एखादा बिट चुकतो. आमच्या झिप फाइलीत तेच होत होतं.

आता तबकडीवरचे सगळे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे होत नाहीत. प्रकाशाने छापलेल्या रेषेची जाडी, थरांची उंची, मिसळलेल्या द्रव्याचं प्रमाण, सगळ्यात किंचित फरक राहतो. तबकडीच्या मध्यावरची चिप आणि कडेची चिप वेगळी निघू शकते. ट्रान्झिस्टरचा आतला मार्ग जरा आखूड झाला तर तो पटकन उघडझाप करतो, पण बंद असतानाही थोडी वीज गळू देतो. जरा लांब झाला तर सुस्त, पण काटकसरी. म्हणजे एकाच साच्यातून सुस्त, मध्यम आणि चपळ भावंडं निघतात, आणि कोण कसं ते आधी कळत नाही.

म्हणून तपासायचं. आधी तबकडीवरच सुया टेकवून मेलेल्या चिपा बाजूला काढतात. उरलेल्या कापून कवचात बसवतात. मग त्यांना भट्टीत, जास्त व्होल्टेजवर काही तास तापवत ठेवतात, म्हणजे ज्या लवकर मरणार आहेत त्या गिऱ्हाइकाच्या घरी न मरता तिथेच मरतात. शेवटी वेगाची परीक्षा. यंत्र चिपला ठरलेल्या इशाऱ्यांची मालिका देतं आणि येणारी उत्तरं बरोबर उत्तरांशी ताडून बघतं. आधी वरचा वेग लावतात. पास झाली तर त्या कप्प्यात. नापास झाली तर वेग उतरवून पुन्हा. चिपा हाताळणारं यंत्र त्यांना खरोखरच वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतं. इंग्रजीत कप्प्याला बिन म्हणतात, म्हणून या सगळ्या प्रकाराचं नाव बिनिंग.

ही परीक्षा मुद्दाम कठीण घेतात. चिप तापवलेली असते, कारण तापल्यावर त्या काळचे ट्रान्झिस्टर मंदावतात. व्होल्टेज परवानगीच्या खालच्या टोकाला ठेवलेलं असतं, कारण कमी व्होल्टेजवरही ते मंदावतात. शिवाय वय झाल्यावर चिप थोडी सुस्तावते, त्यासाठी आणखी थोडी जागा सोडतात. मगच शंभर हा आकडा छापतात. तो चिपच्या ताकदीचं माप नसतो. तो कंपनीचा शब्द असतो, की ठरवून दिलेल्या तापमानापर्यंत, वाईट वीजपुरवठ्यावर, काही वर्षांनीसुद्धा एवढं नक्की करेन.

आमच्या दुकानदाराने हीच मधली जागा विकली होती. समजा आमच्या चिपची सगळ्यात लांबलेली वाट मुंबईच्या एसी दुकानात सव्वासात नॅनोसेकंदांत पुरी होत असेल. मुदत साडेसातची, म्हणून दुकानात सगळं छान. जळगावच्या पत्र्याच्या घरात, मेच्या दुपारी, तीच वाट पावणेआठवर गेली की खेळ खलास. शंभरच्या ठोक्याला मुदत दहाची, म्हणून काहीच अडचण नाही.

इथवर मला वाटत होतं की गोष्ट कळली: आकड्याच्या वर गेलं की फसगत. १९९९मध्ये पुण्याला होस्टेलवर आलो आणि ही समजूत मोडली.

शेजारच्या खोलीतल्या मित्राकडे इंटेलचा सेलेरॉन ३००ए होता. तीनशे मेगाहर्ट्झचा, स्वस्तातला. तो त्याला चारशे पन्नासवर चालवायचा. दीडपट! आणि उन्हाळ्यात, रात्रंदिवस, एकही चूक नाही. मी चिडून त्याच्यावर झिप फाइलींची माझी परीक्षा लावली. पास. पुन्हा लावली. पास.

या चिपची जन्मकथा मजेशीर आहे. १९९८च्या एप्रिलमध्ये इंटेलने पहिला सेलेरॉन काढला तो दुसऱ्या पातळीच्या कॅशशिवाय. इतका मंद, की लोकांनी खिल्ली उडवली. मग २४ ऑगस्ट १९९८ला ३००ए आला, ज्यात १२८ केबी कॅश चिपच्याच अंगावर, पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियम टूची कॅश होती ५१२ केबी, पण वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची. त्याच दिवशी इंटेलने पेंटियम टू ४५० बाजारात आणला. घाऊक किंमत ३००एची १४९ डॉलर, पेंटियम टू ४५०ची ६६९. आणि दोघांच्या आतलं मोजणारं अंग जवळपास एकच, पाव मायक्रॉनच्या एकाच जातीच्या प्रक्रियेतून निघालेलं.

म्हणजे ज्या अंगाला कारखाना चारशे पन्नासचा शब्द देऊ शकत होता, तेच स्वस्त डब्यात तीनशेचं लेबल लावून बसलं होतं. ते परीक्षेत नापास झालं म्हणून नव्हे. नवी प्रक्रिया रुळली की चपळ भावंडांची संख्या वाढत जाते, पण महाग चिप घेणारी गिऱ्हाइकं त्या प्रमाणात वाढत नाहीत. स्वस्त चिपांची मागणी मात्र प्रचंड असते. मग चांगली चिपही खालच्या कप्प्यात टाकावी लागते. ही जात खरोखर कुठवर जात होती त्याचा पुरावा इंटेलनेच नंतर दिला. २०००च्या सुरुवातीला त्याच पाव मायक्रॉनच्या सेलेरॉनवर ५३३ हा आकडा छापला होता.

इंटेलने कुलूप लावलं होतं, पण दाराच्या एकाच फळीला. चिपचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले चिपच्या आतला गुणक. ३००एचा गुणक साडेचारला पक्का केलेला, तो बदलता येत नसे. बस मात्र मदरबोर्डच्या हातात. ६६ गुणिले साडेचार म्हणजे तीनशे. बस शंभर केली की साडेचारशे. त्या वेळचा ४४०बीएक्स चिपसेट शंभरच्या बससाठीच बनलेला, त्यामुळे बाकीची कार्डं नेहमीच्या ३३ मेगाहर्ट्झवरच राहायची. ॲबिट बीएच६सारख्या बोर्डावर हे बायोसमधून करता येई. ज्यांच्या बोर्डाला ते जमत नसे, ते कार्डाच्या बी२१ या एका पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा लावत, म्हणजे बोर्डाला वाटे की शंभरच्या बसची चिप बसली आहे. प्रत्येक ३००ए पोचत नसे. काहींना दोन व्होल्टच्या जरा वर न्यावं लागे, काही तरीही अडखळत. त्या खऱ्या सुस्त भावंडांपैकी.

बाहेरून बघितलं तर दोन्हीकडे एकच कृती, छापलेल्या आकड्याच्या वर ढकलणं. फरक मला दादाच्या घासलेल्या चिपमुळे दिसला. मित्राला ठाऊक होतं की तो कंपनीच्या शब्दाबाहेर गेला आहे, चूक निघाली तर बस परत ६६ करेल. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या फोनमध्ये हे कप्पे आता आत शिरले आहेत. २०१२च्या नेक्सस ४मध्ये सगळ्यांना वेग सारखाच, दीड गिगाहर्ट्झ, पण चिपमधल्या फ्यूजांत तिचा वर्ग जाळून लिहिलेला असे: स्लो, नॉमिनल, फास्ट वगैरे. फोन सुरू होताना तो वाचला जाई. फास्ट चिपला त्याच वेगासाठी कमी व्होल्टेज मिळे, स्लो चिपला जास्त. सारखेच दोन फोन, एक जरा जास्त तापणारा, आणि खोक्यावर त्याबद्दल एक अक्षर नाही.

आमचा पेंटियम शंभरवर २००३पर्यंत चालला. बहिणीने त्याच्यावर टायपिंग शिकून घेतलं. मामा चिप घेऊन त्या दुकानात एकदा गेला होता, पण त्यांनी बिलावरचा शिक्काच ओळखला नाही. अण्णांना मी सगळं समजावून सांगितलं, नॅनोसेकंदांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग शंभरच्याची किंमत किती असते? मी सांगितली. ते काही बोलले नाहीत. पतपेढीचे अकरा हप्ते अजून बाकी होते.