सूरह इख्लास : चार आयती आणि कुराणाचा तिसरा हिस्सा

कुराणात एकूण 114 अध्याय असून प्रचलित कूफी गणनेप्रमाणे त्यांत 6236 आयती आहेत. यांतील 112 वा अध्याय ‘सूरह इख्लास’ या नावाने ओळखला जातो. त्यात अवघ्या चार आयती आहेत आणि मूळ अरबी शब्द जेमतेम पंधरा. तरीही हा लहानसा अध्याय संपूर्ण ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या तोडीचा आहे, असे इस्लामी परंपरा मानते. ग्रंथाच्या आकाराशी हा हिशेब कोणत्याही रीतीने जुळत नाही. मग ‘एक तृतीयांश’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न जुन्या टीकाकारांना पडला आणि त्याच्या उत्तरांतून या अध्यायाचे स्वरूपही उलगडत गेले.

‘इख्लास’ या शब्दाचा अर्थ निखळपणा, निर्भेळ निष्ठा. गमतीची गोष्ट अशी, की हा शब्द अध्यायात कोठेही येत नाही. बहुतेक अध्यायांना आतील एखाद्या शब्दावरून नाव मिळते. येथे ते आशयावरून मिळाले आहे. प्रसंगाविषयीची प्रसिद्ध कथा अशी, की मूर्तिपूजक अरबांनी पैगंबर मुहंमद यांना त्यांच्या ईश्वराची वंशावळ विचारली आणि त्याच्या उत्तरादाखल या आयती अवतरल्या. ज्या समाजात माणसाची ओळख त्याच्या कुळावरून ठरत असे, तेथे हा प्रश्न स्वाभाविकच होता. उत्तराने मात्र वंशावळीची कल्पनाच ईश्वराच्या बाबतीत निरर्थक ठरवली.

पहिल्या आयतीत ईश्वर ‘अहद’, म्हणजे एकमेव, असल्याचे सांगितले आहे. दुसरीतील ‘समद’ हा शब्द कुराणात फक्त येथेच येतो आणि त्याच्या अर्थाविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. गरज पडली की सर्वजण ज्याच्याकडे धाव घेतात तो, हा एक अर्थ. ज्याच्यात पोकळी नाही आणि म्हणून ज्याला अन्नपाण्याची अपेक्षा नाही तो, हा दुसरा. दोहोंचा रोख एकच : सर्वांना त्याची गरज, त्याला कोणाचीच नाही. तिसरी आयत जन्म देणे आणि जन्म घेणे या दोन्ही गोष्टी ईश्वराच्या ठायी नाकारते; चौथी त्याला तुल्यबळ कोणी नसल्याचे सांगते. आरंभी आलेला ‘अहद’ शब्दच शेवटी पुन्हा येतो, पण आता नकाराच्या वाक्यात, ‘कोणी एकही’ या अर्थाने.

तिसऱ्या हिश्श्याची गोष्ट हदीस-संग्रहांत एकाहून अधिक प्रसंगांत आली आहे. बुखारींच्या संग्रहात अबू सईद खुद्री यांच्याकडून आलेली हकीकत अशी : एक मनुष्य रात्री हाच अध्याय पुन्हा पुन्हा म्हणत होता. ते ऐकणाऱ्या दुसऱ्याला हे पठण फार थोडे वाटले आणि सकाळी त्याने ती गोष्ट पैगंबरांच्या कानी घातली. पैगंबरांनी शपथपूर्वक सांगितले, की हा अध्याय कुराणाच्या एक तृतीयांशाच्या बरोबरीचा आहे. मुस्लिम यांच्या संग्रहातील दुसऱ्या कथेत, कुराणाचा तिसरा हिस्सा ऐकवतो म्हणून त्यांनी लोकांना जमवले, हा एवढाच अध्याय म्हटला आणि ते घरात गेले. लोक बुचकळ्यात पडले. कदाचित नवा ईश्वरी संदेश येत असावा, अशी कुजबुज झाली. तेव्हा बाहेर येऊन त्यांनी खुलासा केला, की हाच तो तिसरा हिस्सा.

यावर सर्वांत प्रसिद्ध झालेले स्पष्टीकरण बगदादचे शाफिई पंडित इब्न सुरैज (मृत्यू 918) यांच्या नावावर आहे. त्यांच्या मते कुराणाचा आशय तीन प्रकारचा : विधिनिषेधाचे नियम, पारितोषिक आणि शिक्षेची वचने, आणि ईश्वराची नावे व गुण. इख्लासमध्ये केवळ तिसरा प्रकार आहे, पण तो संपूर्ण आहे. काहींनी विभागणी थोडी वेगळी करून कथा, नियम आणि ईश्वराचे गुण असे तीन भाग मानले. इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी ‘जवाहिरुल कुरआन’ या ग्रंथात ईश्वराचे ज्ञान, सन्मार्गाचे ज्ञान आणि परलोकाचे ज्ञान अशी मांडणी केली आणि इख्लास पहिल्या ज्ञानाचा गाभा देते, असे म्हटले. तपशील वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे : येथे ग्रंथाची पाने मोजलेली नाहीत, विषय मोजले आहेत.

मात्र यातून एक गैरसमज सहज उद्भवतो. एक तृतीयांश गुणिले तीन म्हणजे पूर्ण. मग हा अध्याय तीनदा म्हटला की सारे कुराण वाचून झाले काय? इसहाक इब्न राहवैह या नवव्या शतकातील पंडितांनी याला स्पष्ट नकार दिला. दोनशे वेळा म्हटले तरी तसे होणार नाही, असे त्यांचे मत नोंदलेले आहे. विधिशास्त्राचा निवाडाही तसाच आहे. नमाजमध्ये ‘फातिहा’ या पहिल्या अध्यायाची जागा तीन वेळा म्हटलेली इख्लास घेऊ शकत नाही. पुण्याची बरोबरी ही एक गोष्ट आणि कर्तव्यातून मोकळे होणे ही दुसरी.

हा भेद इब्न तैमिया (मृत्यू 1328) यांनी या एकाच प्रश्नावर लिहिलेल्या प्रबंधात फार सोप्या उदाहरणाने उकलला आहे. एखाद्याजवळ हजार दीनारांचे सोने आहे आणि दुसऱ्याजवळ तेवढ्याच किमतीचे धान्य व कपडे. किंमत सारखी, पण भूक सोन्याने भागत नाही. तसेच येथेही. वारसांमध्ये मालमत्ता कशी वाटावी हे जाणून घ्यायचे असेल, तर चौथ्या अध्यायातील ‘निसा’च्या आयतींकडेच जावे लागते, इख्लास कितीही वेळा म्हटली तरी वाटणीचे प्रमाण त्यातून कळणार नाही.

या चर्चेच्या मुळाशी आणखी एक अवघड प्रश्न होता. सारे कुराण ईश्वराचेच वचन असेल, तर त्यातील एक भाग दुसऱ्याहून श्रेष्ठ कसा? बाकिल्लानींसारख्या काही अश्अरी विचारवंतांना अशी तुलना मान्य नव्हती. कमी-जास्त म्हटले की उणेपणा आला, अशी त्यांची शंका. गझालींनी उलट बाजू घेतली. इख्लासच्या लगेच आधी येणारा 111 वा अध्याय अबू लहब या विरोधकाच्या नाशाविषयी आहे; ईश्वराच्या एकत्वाचे वर्णन आणि एका शत्रूचा धिक्कार यांतील अंतर ज्याला जाणवत नाही, त्याची ग्रंथाशी खरी ओळख झालेली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बोलणारा एकच असला तरी ज्याविषयी बोलले जाते त्यानुसार वचनाचे मोल बदलते, हा त्यांचा आणि पुढे इब्न तैमियांचा युक्तिवाद अधिक पटण्याजोगा आहे.

भारतीय उपखंडात या अध्यायाचा पहिला शब्द ‘कुल’, म्हणजे ‘सांग’, रोजच्या बोलण्यात उतरला आहे. याच शब्दाने सुरू होणाऱ्या चार छोट्या अध्यायांना ‘चार कुल’ म्हणतात आणि दर्ग्यांतील उरुसाच्या सांगतेचा विधीही ‘कुल’ या नावाने ओळखला जातो. मृतांसाठीच्या फातिहाखानीत इख्लास तीन वेळा म्हणण्याची रूढी आहे. रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात कुराण पूर्ण होते त्या रात्रीही अनेक मशिदींत ती तीनदा म्हटली जाते. या दुसऱ्या प्रथेला काही उलेमांचा आक्षेप आहे, कारण सबंध ग्रंथ नुकताच वाचून झालेला असताना त्यातील एकाच अध्यायाची आवृत्ती करण्याला त्यांना आधार दिसत नाही.