आरसा : अरुंद व अंधाऱ्या खोलीतील योजना

एकाच टोकाला खिडकी असलेली लांबट खोली रुंद व उजळ भासावी म्हणून तिच्या भिंतीवर सपाट आरसा बसवण्याची पद्धत. मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये दार-खिडकी गॅलरीच्या बाजूला आणि उरलेल्या बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती अशा खोल्या आढळतात. तेथे ही योजना विशेष उपयोगी पडते, आणि चुकते तीही बहुधा तेथेच. परिणाम आरशाच्या आकारापेक्षा त्याच्या जागेवर अवलंबून असतो. बसलेल्या माणसाला आरशात काय दिसणार, हे आधी ठरवून मग जागा निवडावी लागते.

तत्त्व

सपाट आरशात वस्तू जितकी पुढे, तितकेच तिचे प्रतिबिंब मागे दिसते. ८ फूट रुंद व १६ फूट लांब खोलीच्या लांब भिंतीवर आरसा लावला, तर समोरची भिंत आरशाच्या मागे ८ फुटांवर भासते आणि तेवढ्या भागात खोलीची रुंदी दुप्पट वाटते. तोच आरसा खिडकीसमोरच्या अरुंद भिंतीवर लावला, तर लांबी ३२ फूट वाटते व रुंदी ८ फूटच राहते. खिडकी त्यात स्पष्ट दिसते, पण खोली बोगद्यासारखी भासते. अरुंद खोलीत मूळ अडचण रुंदीची असल्याने लांब भिंत हीच पहिली निवड ठरते.

प्रकाशाबाबत आरशाकडून केली जाणारी अपेक्षा बहुधा अवाजवी असते. स्वच्छ पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत करते, तर चांगला काचेचा आरसा ८५ ते ९० टक्के. फरक थोडा आहे. मात्र भिंत हा उजेड सर्व दिशांना पसरवते आणि आरसा तो एकाच दिशेने पुढे पाठवतो. त्यामुळे योग्य जागी बसलेल्याला दुसरी खिडकी असल्यासारखे वाटते, पण खोलीतील एकूण उजेड फारसा वाढत नाही. मळकट किंवा गडद रंगाच्या खोलीत आधी पांढरा रंग द्यावा, आरशाचा विचार नंतर करावा.

जागेची निश्चिती : एक उदाहरण

वरील ८ × १६ फुटांच्या खोलीत अरुंद भिंतीच्या मध्यभागी ४ फूट रुंद खिडकी आहे असे धरू. घरातील माणसे बहुतेक वेळ खिडकीपासून १४ फुटांवर, एका लांब भिंतीला जवळजवळ टेकून बसतात. आरसा समोरच्या लांब भिंतीवर लावायचा आहे. तेथे बसलेल्याला पूर्ण खिडकी आरशात दिसण्यासाठी आरसा खिडकीच्या टोकापासून साधारण ३ फुटांवर सुरू होऊन साडेसहा फुटांवर संपला पाहिजे. म्हणजे साडेतीन फूट रुंदी पुरते.

हाच आरसा ‘बैठकीजवळ शोभतो’ म्हणून ८ ते साडेअकरा फुटांच्या पट्ट्यात लावला, तर त्याच जागी बसलेल्याला खिडकी अजिबात दिसत नाही. त्याला दिसते ती तो स्वतः ज्या भिंतीला टेकला आहे तिचीच पुढची बाजू. तेथे कपाट, खुंट्यांवरचे कपडे किंवा भांड्यांची मांडणी असेल, तर ती सगळी दुप्पट होते व खोली अधिक भरलेली वाटते. आरसा लावूनही उपयोग झाला नाही अशी तक्रार असते, तेव्हा प्रथम हीच गोष्ट तपासावी.

मोजमापाशिवायही जागा ठरवता येते. एकाने नेहमीच्या बैठकीवर बसावे, दुसऱ्याने हातआरसा भिंतीला सपाट टेकवून हळूहळू सरकवावा. खिडकीच्या कडा जेथे दिसू लागतात व जेथे दिसेनाशा होतात, त्या जागी खडूने खुणा कराव्यात. जमिनीवर बसणाऱ्याची नजर सुमारे अडीच फुटांवर, तर खुर्चीवरील माणसाची सुमारे ४ फुटांवर असते. म्हणून आरशाची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवून ४ फूट उंची घेतल्यास दोघांनाही खिडकी दिसते.

लोस यांचा बार

लहान खोलीतील आरशाचे सर्वांत विचारपूर्वक केलेले उदाहरण व्हिएन्ना येथे आहे. आडोल्फ लोस या वास्तुरचनाकाराने १९०८ मध्ये तेथे ‘अमेरिकन बार’ उभारला. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे २७ चौ. मी. भिंतींच्या खालच्या भागात गडद महोगनी लाकूड असून आरसे त्याच्या वर, माणसाच्या नजरेपेक्षा उंच लावले आहेत. छत संगमरवरी असून चौकटी-चौकटींत विभागलेले आहे. आरशात तेच छत दिसत असल्याने ते भिंतीपलीकडे पुढे चालू राहिल्याचा भास होतो.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसलेल्या व्यक्तीला स्वतःचा चेहरा आरशात दिसत नाही. स्वतःचे प्रतिबिंब दिसताच तेथे आरसा आहे हे कळते आणि जागेचा भास संपतो. घरात उंच छत क्वचितच मिळते, पण तत्त्व तेच लागू होते. बैठकीसमोर थेट आरसा न ठेवता तो तिरकस अंतरावर ठेवल्यास चेहऱ्याऐवजी खिडकी दिसते. वरील उदाहरणातील जागा याच कारणाने योग्य ठरते.



जेथे योजना उलटते

*रात्री :* दिवसा ज्या आरशात खिडकी उजळ दिसते, त्याच आरशात दिवेलागणीनंतर काळा चौकोन दिसतो. त्यातच उघडा बल्ब आरशात आला, तर डोळ्यांवर तिरीप येते. दिवा अशा ठिकाणी हलवावा की आरशात बल्ब न येता त्याने उजळलेली भिंत येईल.

*समोरासमोर आरसे :* केशकर्तनालयात मान मागून दाखवण्यासाठी ही मांडणी सोयीची असते. घरात मात्र प्रतिमांची न संपणारी रांग तयार होते. प्रत्येक परावर्तनात काही प्रकाश कमी होतो व काचेतील लोहामुळे हिरवट छटा वाढत जाते, त्यामुळे रांगेचे टोक अंधारात जाते.

*तुकड्यांचे आरसे :* लहान चौकोन जोडून केलेली भिंत स्वस्त पडते, पण ओबडधोबड गिलाव्यावर ते एका पातळीत बसत नाहीत. खिडकीची कड प्रत्येक सांध्यावर तुटलेली दिसते आणि जागेऐवजी भिंतच डोळ्यांत भरते. पातळ अ‍ॅक्रिलिक पत्र्यात प्रतिमा लाटांसारखी वाकते.

*समोरची इमारत :* खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारची भिंत असेल, तर आरसा तीच भिंत दुसऱ्यांदा दाखवतो. अशा खोलीत आरशापेक्षा पांढरा रंग अधिक उपयोगी पडतो.

बसवणे व ओल

५ मिमी जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो असते. वरील साडेतीन × ४ फुटांचा आरसा सुमारे १६ किलोंचा होतो, त्यामुळे केवळ चिकटपट्टीवर त्याचा भरवसा ठेवू नये. खाली आधारपट्टी व वर क्लिपा असाव्यात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर आरसा थेट चिकटवल्यास कडेने काळे डाग पडू लागतात. यालाच पारा उडणे म्हणतात. आरशामागे काही मिलिमीटर पोकळी सोडावी. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मागच्या थरास अपाय करते, ते टाळावे.

वास्तुविषयक संकेत

आरशाच्या दिशेविषयीच्या समजुती प्रदेशागणिक व घराण्यागणिक वेगळ्या आहेत.

(पहा : काच, चाळ, परावर्तन.)