साठवलेल्या तारा आणि उशिरा झालेली उकल : ‘व्हेनोना’ प्रकल्पाच्या संदर्भात दीर्घायुषी गुपितांच्या संरक्षणाचा विचार

प्रस्तावना

शत्रूचा गुप्त संदेश हाती लागला आणि तो वाचता आला नाही, तर त्याचे काय करावयाचे? तो टाकून न देता जपून ठेवावयाचा, असे या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकातील गुप्तहेर संस्थांनी दिले. आज न उकलणारा मजकूर दहा किंवा वीस वर्षांनी उकलू शकतो, असा त्यांचा हिशेब होता. सध्या संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात ‘आज साठवा, उद्या उकला’ या प्रकारच्या हल्ल्याची जी चर्चा चालते, तिच्या मुळाशी हाच हिशेब आहे. त्याचे सर्वाधिक तपशिलासह उपलब्ध असलेले ऐतिहासिक उदाहरण म्हणजे अमेरिकेचा ‘व्हेनोना’ प्रकल्प होय. प्रस्तुत लेखात या प्रकल्पाचा मागोवा घेऊन त्याच्या आधारे आजच्या प्रश्नाचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

तारांचा संग्रह

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील सोव्हिएत वकिलाती आणि व्यापारी कचेऱ्या मॉस्कोशी होणारा बराचसा पत्रव्यवहार व्यावसायिक तार कंपन्यांमार्फत करीत असत. युद्धकालीन नियंत्रणामुळे या तारांच्या प्रती अमेरिकी लष्कराकडे जमा होत. मजकूर आकड्यांच्या गटांमध्ये असल्यामुळे त्यातून काहीही समजत नव्हते. तरीही प्रती जपल्या गेल्या. १ फेब्रुवारी १९४३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन हॉल येथे जीन ग्रॅबील या तरुणीने या ढिगाच्या वर्गीकरणास आरंभ केला. काही काळापूर्वीपर्यंत त्या शाळेत शिक्षिका होत्या.

सोव्हिएत पद्धतीत संदेशाला दोन कुलुपे असत. प्रथम संकेतकोशाच्या साहाय्याने प्रत्येक शब्दाच्या जागी एक संख्या लिहिली जाई. नंतर त्या संख्येत एका वहीतील यादृच्छिक आकडे हातचा न धरता मिळविले जात. वहीचे प्रत्येक पान एकदाच वापरून नष्ट करावयाचे असा नियम होता. तो काटेकोरपणे पाळला, तर असा संदेश कोणत्याही गणिताने उकलत नाही. आजचा किंवा उद्याचा कोणताही संगणक त्यास अपवाद नाही.

पानांची पुनरावृत्ती

नियम मोडला तो प्रेषकांनी नव्हे, तर वह्या तयार करणाऱ्यांनी. १९४२ च्या आरंभी, जर्मन सैन्याच्या स्वारीमुळे मॉस्कोवर प्रचंड ताण असताना, सुमारे ३५ हजार पाने दुबार छापली गेली. ती वेगवेगळ्या वह्यांमध्ये बांधून निरनिराळ्या कचेऱ्यांकडे पाठविण्यात आली. त्यामुळे ज्यांच्या हाती ती पडली, त्यांना आपण वापरलेले पान दुसरीकडेही वापरले जात आहे, याची कल्पना येणे शक्य नव्हते.

दुबार पानाने नेमके काय बिघडते, हे छोट्या काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संदेशातील शब्दाची संकेतसंख्या ३४१७ आणि दुसऱ्या संदेशातील ५०८२ आहे असे मानू. दोन्हींत वहीतील ८२९६ ही एकच संख्या हातचा न धरता मिळविली, तर तारेत अनुक्रमे १६०३ आणि ३२७८ हे गट दिसतील. आता दुसऱ्यातून पहिला गट त्याच रीतीने वजा केला की २६७५ उरतात. मूळच्या ५०८२ मधून ३४१७ वजा केले तरीही २६७५ च येतात. म्हणजेच वहीतील आकडा समीकरणातून नाहीसा झाला आणि केवळ दोन मूळ संख्यांमधील फरक शिल्लक राहिला. ठराविक साच्याच्या व्यापारी संदेशात कोणता शब्द येणार याचा अंदाज बांधता आला, तर या फरकावरून दुसऱ्या संदेशातील संख्या मिळते.

ही पुनरावृत्ती १९४३ साली रिचर्ड हॅलक यांच्या लक्षात आली. ते मूळचे शिकागो विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ. हजारो तारांचे आरंभीचे गट छिद्रपत्रक यंत्रावर ताडून पाहिल्यावर काही जोड्या जुळल्या. पुढील वर्षी सेसिल फिलिप्स यांनी हेर खात्याच्या तारांमध्ये वहीचे पान ओळखण्याची खूण शोधून काढली. तथापि पहिले कुलूप, म्हणजे संकेतकोश, अद्याप शिल्लक होते. भाषाशास्त्रज्ञ मेरेडिथ गार्डनर यांनी तो कोश संदर्भावरून शब्दशः पुन्हा रचावयास घेतला. २० डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी उकललेल्या एका संदेशात अणुबाँब प्रकल्पातील शास्त्रज्ञांची नावे निघाली. तो संदेश १९४४ सालचा होता. दरम्यानच्या काळात युद्ध संपले होते आणि बाँब टाकूनही झाले होते.

ज्ञात होऊनही न टळलेली हानी

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे आहे. आर्लिंग्टन हॉलमध्ये काम करणाऱ्या विल्यम वाइसबँड याच्याकडून या कामाचा सुगावा सोव्हिएत संघाला लागला. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने आपल्या संदेशपद्धतींत व्यापक बदल केले. १९४९ पासून तर ब्रिटिश अधिकारी किम फिल्बी यास या प्रकल्पाची अधिकृत माहिती मिळत होती, आणि फिल्बी स्वतःच मॉस्कोचा हेर होता. अशा प्रकारे ज्याची गुपिते फुटत होती, त्यालाच ती फुटत असल्याचे ठाऊक होते. परंतु नवी पद्धत केवळ नव्या संदेशांचे रक्षण करू शकत होती. आर्लिंग्टनच्या कपाटांतील जुन्या तारा परत घेण्याचा मार्ग नव्हता.

परिणाम क्रमाक्रमाने दिसून आले. १९४४ च्या तारांवरून क्लाउस फुक्स यांचा संशय १९४९ मध्ये पक्का झाला आणि फेब्रुवारी १९५० मध्ये त्यांना अटक झाली. डोनाल्ड मॅक्लीन यांच्याभोवतीचे वर्तुळही अशाच जुन्या तारांमुळे आवळत गेले. फिल्बीकडून पूर्वसूचना मिळाल्यामुळे ते २५ मे १९५१ रोजी ब्रिटनमधून निसटले. मात्र त्यांचे गुपित वाचले नाही. थिओडोर हॉल या १९ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव नोव्हेंबर १९४४ च्या तारेत टोपणनावाऐवजी उघडच लिहिलेले होते. त्यांच्यावर खटला झाला नाही, पण १९९५ मध्ये तारांचे प्रकाशन सुरू झाल्यानंतर, घटनेला अर्धशतक उलटल्यावर, त्यांचे कृत्य सार्वजनिक झाले. प्रकल्प १९८० पर्यंत चालू होता. न्यूयॉर्कहून पाठविलेल्या हेर खात्याच्या १९४४ मधील संदेशांपैकी ४९ टक्के वाचता आले, तर १९४५ मधील केवळ १.५ टक्के. हा फरक प्रामुख्याने दुबार पानांच्या प्रमाणामुळे पडला.

आजची दोन कुलुपे

आजच्या इंटरनेट व्यवहारातही दोन कुलुपे असतात, पण त्यांची मजबुती सारखी नाही. मजकूर गुप्त करणारी पद्धत, उदाहरणार्थ २५६ बिटांची किल्ली वापरणारी एईएस, क्वांटम संगणकासमोरही टिकेल असे मानले जाते. दुबळे आहे ते पहिले कुलूप, म्हणजे ती किल्ली दोन अनोळखी यंत्रांनी उघड्या वाहिनीवरून ठरविण्याची रीत. ही रीत मोठ्या संख्येचे अवयव पाडणे किंवा तत्सम गणिती प्रश्न कठीण असण्यावर उभी आहे, आणि पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे प्रश्न सोडवू शकेल हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखविले. किल्ली ठरविताना झालेली देवाणघेवाणही त्याच तारेतून जाते. ज्याने सर्व काही टिपून ठेवले, त्याच्याकडे कुलूप आणि ते उघडण्याचे साधन एकत्रच राहते. असे टिपणे मागे खूण ठेवीत नाही. म्हणून आपला मजकूर कोणी साठविला आहे काय, हे प्रेषकास कळू शकत नाही. संग्रह होतो याचा लेखी पुरावा मात्र २०१३ मध्ये पुढे आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या फुटलेल्या नियमावलीत, गुप्तलिखित मजकूर उकलीसाठी उपयोगी असेपर्यंत ठेवण्याची मुभा नमूद होती.

येथे व्हेनोनाशी असलेले साम्य फार ताणू नये. तेथे चूक मानवी होती आणि म्हणून उकल अंशतः झाली. येथे गणिताचाच पाया जाईल. पण उकलीला खर्चाची मर्यादा राहील. २०२५ मध्ये क्रेग गिडनी यांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०४८ बिटांची एक आरएसए किल्ली शोधण्यास दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि एक आठवड्याहून कमी वेळ लागेल. २०१९ च्या अंदाजात हाच आकडा दोन कोटी क्यूबिटांचा होता. असे यंत्र अद्याप अस्तित्वात नाही. शिवाय प्रत्येक संभाषणासाठी वेगळी किल्ली ठरत असेल, तर प्रत्येकासाठी वेगळी उकल करावी लागेल. याउलट जुन्या पद्धतीत सर्व्हरच्या एकाच आरएसए किल्लीने वर्षभराची सर्व संभाषणे बांधलेली असत. ती एक किल्ली मिळाली की सारेच उघडते. साहजिकच संग्राहक आधी निवड करील, आणि ज्यांचे मोल दीर्घकाळ टिकते तीच संभाषणे निवडील.

हिशेब कसा मांडावा

कॅनडातील संशोधक मिशेल मोस्का यांनी यासाठी एक साधे सूत्र दिले आहे. गुपित किती वर्षे टिकले पाहिजे आणि नवी पद्धत लागू होण्यास किती वर्षे लागतील, या दोहोंची बेरीज करावी. समजा एका रुग्णालयातील जनुकीय नोंदी ४० वर्षे गुप्त राहाव्यात आणि सर्व यंत्रणा बदलण्यास ७ वर्षे लागतील. सक्षम क्वांटम संगणक २० वर्षांनी आला असे धरले तरी, बदलाच्या शेवटच्या दिवशी पाठविलेली नोंद १३ वर्षांनंतर उघडी पडेल, म्हणजे तिची २७ वर्षे असंरक्षित जातील. एका दिवसात जुना होणारा बँकेचा एकवेळचा संकेतांक मात्र या हिशेबात मुळीच येत नाही. अंकीय स्वाक्षरीचेही बव्हंशी तसेच आहे. उद्या कोणी ती बनावट करू शकला, तरी काल झालेली ओळख-पडताळणी मागे जाऊन खोटी ठरत नाही. म्हणून किल्ली ठरविण्याची रीत आधी बदलावी लागते.

अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये यासाठी एमएल-केम ही पद्धत प्रमाणित केली. तिच्या प्रचलित रूपात जाहीर किल्ली १,१८४ बाइटांची असते, तर जुन्या दीर्घवर्तुळी नव्हे, लंबवक्री पद्धतीत ती ३२ बाइटांची असे. हा भार सर्वसाधारण संगणकास जड नाही. नव्या पद्धतीवरही एकदम विसंबणे योग्य नाही. सिक नावाची एक उमेदवार पद्धत २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात मोडली गेली. म्हणून सध्या नवी आणि जुनी अशा दोन्ही रीतींनी मिळालेल्या किल्ल्या एकत्र मिसळून वापरण्याचा प्रघात पडत आहे. मजकूर उघडण्यास दोन्ही मोडाव्या लागतात.

या उपायाची मर्यादा १९४८ च्या सोव्हिएत बदलासारखीच आहे. रुग्णालयाने आपल्याकडील जुन्या नोंदी नव्या पद्धतीने पुन्हा बंद केल्या, तरी पूर्वी तारेवरून गेलेली आणि कोणी टिपलेली प्रत जुन्याच कुलपात राहते. तिच्यात परवलीचा शब्द असेल तर तो बदलता येतो. जनुकीय क्रम असेल, तर तो रुग्णाच्या आणि त्याच्या अपत्यांच्या बाबतीत बदलता येत नाही.