अस्तित्वाची हमी, अधिकारांची नाही : महाराष्ट्रातील पंचायत राज

१/ ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील ही तीन पायऱ्यांची आकृती सर्वांना पाठ असते. परंतु खरी सत्ता कोणत्या पायरीवर असावी, हा वाद त्या आकृतीत दिसत नाही. #थ्रेड

२/ १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने मधल्या पायरीवर, म्हणजे गटपातळीवरील पंचायत समितीवर भर दिला. जिल्हा परिषदेचे काम मुख्यतः सल्ला व देखरेखीचे असावे, असे तिचे मत होते. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे या व्यवस्थेचा आरंभ झाला.

३/ महाराष्ट्राने निराळा मार्ग पत्करला. अभियंते, तज्ज्ञ आणि पुरेसा निधी जिल्हापातळीवरच एकत्र आणता येईल, असा विचार करून वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळ दिले आणि जिल्हाधिकाऱ्यांना तिच्याबाहेर ठेवले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

४/ या निवडीचा परिणाम आजही दिसतो. समजा, गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर गळते आहे. ग्रामसभा ठराव करते. तो पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे जातो. अंदाजपत्रक तयार होते. मोठ्या खर्चाची मंजुरी मात्र जिल्हापातळीवरून येते.

५/ पैशाचे काय? ग्रामपंचायतीला घरपट्टी व पाणीपट्टी आकारता येते, पण अशा कामास ती सहसा पुरत नाही. जिल्हा परिषदही बहुतांशी शासकीय अनुदानावर चालते. जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री. म्हणजे गरज गाव सांगते, पण अग्रक्रम बहुधा वर ठरतो.

६/ ७३व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी राखीव जागा या बाबी बंधनकारक झाल्या. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांचे मात्र तसे नाही. त्यांपैकी कोणते अधिकार सोपवायचे, हे अनुच्छेद २४३-छ राज्य विधिमंडळावर सोडतो. अस्तित्वाची हमी मिळाली, अधिकारांची नाही.

७/ अस्तित्वाची हमीही किती नाजूक आहे, हे पुढे दिसले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. तरीही मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्या. कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा तीन वर्षे उलटली होती.

८/ त्या काळात कार्यालये चालू होती, योजनाही राबत होत्या. नव्हता तो फक्त मतदारांना उत्तर देणारा सदस्य. म्हणून आपल्या जिल्ह्यातील पंचायत राज तपासताना तीन प्रश्न विचारावेत : निवडणूक वेळेवर झाली का, निधी कोण ठरवतो, आणि ग्रामसभेच्या ठरावाचे पुढे काय झाले?