उकर्डा, सटवी आणि बाई

आपल्या संग्रामपूर तालुक्यात गावोगाव बचत गटाच्या बैठका होतात, तेव्हा आम्ही आधी हजेरी घेतो. त्या वहीत सासऱ्यांच्या, आजेसासऱ्यांच्या पिढीची नावं वाचली की नव्या सुना हसतात. उकर्डा, कचरू, दगडू, धोंडू, भिका. बायांमध्ये कचराबाई, धोंडाबाई, भिकाबाई. आईबापांनी लेकराला असं उकिरड्याचं नाव काहून ठेवलं असेल?

त्याचं कारण सटवाई. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहिते, असं आपण मानत आलो. पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात ती त्यासाठीच. 'सटवी' हा शब्द 'षष्ठी'वरून आला, म्हणजे सहाव्या दिवसाची देवी. हा आठवडा खरोखरच धोक्याचा होता. नाळ विळ्याने, नाहीतर हाताला येईल त्या पात्याने कापली जायची. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि चांगलं दूध पिणारं बाळ पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ताठ होऊन जायचं. मायमाउलीला कारण कळत नव्हतं, दिवस मात्र बरोबर कळला होता.

ज्या घरात दोन-तीन लेकरं अशी गेली, तिथे पुढच्या बाळाला उकिरड्यावर ठेवायचे आणि परक्याचं म्हणून उचलून आणायचे. कुणी शेजारणीला मूठभर दाण्यात विकून परत घ्यायचे. मग नाव पडायचं उकर्डा किंवा भिका. हेतू एवढाच, की हे टाकाऊ आहे, न्यायच्या कामाचं नाही, असं वाटून देवी पुढे जावी. म्हणजे शिवीसारखं नाव हे लेकराभोवती घातलेलं कुंपण होतं. असा उकर्डा जगला, मोठा झाला आणि गावाने त्याला 'उकर्डाजी' म्हटलं. नावातला उकिरडा कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. अपमानाचा शब्द मायेचा होतो तो असा, कारण पहिल्यांदा उच्चारणाऱ्याच्या मनातच माया होती.

याच रिवाजात एक गोष्ट आम्हाला खटकते. काही घरांत मुलाचं नाक टोचायचे, नथ घालायचे आणि नाव ठेवायचे नथू. मुलगी समजून सटवाईने त्याला सोडून द्यावं म्हणून. उकिरड्याची वस्तू आणि मुलगी, दोन्ही एकाच मापाने मोजलेली!

म्हणून 'नकुशी' हे नाव दिसायला उकर्ड्यासारखं असलं तरी त्याच्या जातीचं नाही. तिसरी-चौथी मुलगी झाली, आता नको, म्हणून ते ठेवलेलं. इथे देवीला फसवायचं नव्हतं, जे म्हटलं तेच मनात होतं. हे नाव कितीही वर्षं वापरलं तरी गोड झालं नाही. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा 280 हून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली गेली. उकर्डाजीचं नाव बदलायला मात्र कुणाला समारंभ करावा लागला नाही.

आता सटवाईचंच काय झालं ते बघा. देवीच्या कृपेने झालेल्या मुलाचं नाव सटवाजी किंवा सटवा. ही नावं पूर्वी चांगल्या मानाच्या माणसांची होती. पण बाईला 'सटवी' म्हटलं की ती शिवी. ज्या देवीपुढे आपण कोरा कागद ठेवतो, तिचंच नाव नळावरच्या भांडणात एकमेकींच्या अंगावर फेकतो. शब्द एकच. पुरुषाच्या नावात तो वर राहिला आणि बाईच्या वाट्याला येताच खाली घसरला. 'नायक' म्हणजे पुढारी, पण 'नायकीण' म्हणजे नाचगाण्यावाली. 'कलावंत' म्हटलं की टाळ्या, 'कलावंतीण' म्हटलं की कुजबुज.

हा दुजाभाव आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईने फार आधी ओळखला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल 1881 साली फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. त्यावरून वर्तमानपत्रांत सगळ्या बायकांनाच दोष लावणं सुरू झालं. तेव्हा ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. ते 1882 साली पुण्यात छापलं गेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: जे दोष तुम्ही बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय? लोक चिडले, पण जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली.

ज्या शब्दाची ताराबाईंच्या काळातल्या विधवेवर सगळ्यात मोठी मार होती, तो रेडिओवर म्हणताना जीभ अडखळते. पण तो आपल्या गल्लीत रोज ऐकू येतो, म्हणून म्हणतोच: रांड. संस्कृत 'रंडा'वरून आलेल्या या शब्दाचा एक सरळ अर्थ विधवा असाच होता. केशवपन केलेली ती रांडमुंड. नवरा मेला एवढाच तिचा गुन्हा. त्यात 'हिच्यावर आता कुणाचा धाक नाही' हा संशय मिसळला आणि शब्द चारित्र्यावरची शिवी झाला. आज पोरांना विचारलं तर याचा अर्थ विधवा होता हे ठाऊकही नसतं. काही भागांत पुरुष मित्राला लाडाने 'रांडेच्या' म्हणतात आणि दोघेही हसतात. ज्या आईला मधल्यामध्ये शिवी बसली, तिला कुणी विचारत नाही. त्यामुळे हा शब्द प्रेमाचा झाला असं आम्ही तरी धरत नाही.

त्या शब्दापेक्षा सभ्य शब्द 'विधवा'. पण तोही टोचू लागला. लग्नपत्रिकेत नावाआधी 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी लिहायचे. पवित्र नद्यांची नावं, पण पत्रिका वाचणाऱ्याला पहिलं कळतं ते एवढंच, की हिचा नवरा नाही. एप्रिल 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा महिला संघटनांनी विरोध केला. मग हा निर्णय नाही, फक्त चर्चा आहे, असा खुलासा झाला. आमच्या एका गटातल्या मावशी तेव्हा म्हणाल्या, "मले हळदीकुंकवाले बलावत नाहीत, अन् नाव गंगेचं देता व्हय!" शब्द नवा आणला तरी बाईला वागवणं जुनंच राहिलं, तर नव्या शब्दालाही काही वर्षांत तोच वास लागतो. आता 'एकल महिला' म्हणतात. त्यात नवऱ्याने टाकलेली, घटस्फोट झालेली, लग्न न केलेली अशा सगळ्या येतात. म्हणून कोण कशामुळे एकटी आहे, हे नुसत्या शब्दावरून उघडं पडत नाही.

'बाई' हा शब्द तर आपल्या डोळ्यांदेखत घसरतो आहे. मुक्ताबाई, जनाबाई, आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाबाई. शाळेत शिकवणाऱ्या त्या 'बाई'. पण शहरात 'आज बाई आली नाही' म्हणजे भांडी घासणारी आली नाही, आणि 'बाईच्या नादी लागला' यातली बाई तर विचारूच नका. शब्द घसरला हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मानाच्या जागी दुसरा शब्द येऊन बसतो. शाळेत 'मॅडम' आल्या, बैठकीत 'ताई' आल्या, अहिल्याबाईंना आपण 'अहिल्यादेवी' म्हणू लागलो. खेड्यात मात्र थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणणारी घरं अजून आहेत.

आमच्या गटांच्या वहीत आम्ही नावाआधी सौ., श्रीमती, गं. भा. यातलं काहीच लिहित नाही. नाव आणि आडनाव, बस. निवृत्तीवेतनाच्या अर्जावर मात्र 'विधवा' लिहावंच लागतं, कारण योजनेच्या नावातच तो शब्द आहे. तिथे लाजून रकाना कोरा सोडू नका, अर्ज परत येतो.