तारांचा झोळ आणि गॅलिलिओचे दोन मिलिमीटर

तलवाड्याला (गेवराई तालुका, जिल्हा बीड, त्वरितादेवीचं तलवाडा म्हटलं की आमच्या भागात लगेच कळतं) मामांकडे गेलो की एक प्रश्न हमखास ठेवलेला असतो. भाचा इंजिनियर आहे ना, मग त्याला सगळं आलं पाहिजे! सॉफ्टवेअरवाला आणि विजेचा इंजिनियर यांतला फरक मामांच्या दृष्टीने किरकोळ. यावेळचा प्रश्न: "काय रे, एवढाले लोखंडी टॉवर उभे करतेत, मग त्या तारा ओढून ताठ का नाहीत करत? झोळ कशापायी ठेवतेत?"

मी "उन्हाळ्यात तार लांबते, हिवाळ्यात आखडते, म्हणून" असं शाळेतलं उत्तर दिलं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. पुण्याला परत आल्यावर दोन शनिवार त्यात गेले, आणि धागा थेट १६३८ सालापर्यंत पोचला. तर मंडळी, आजचा विषय झोळ.

सुरुवात गॅलिलिओपासून. १६३३ नंतर हा माणूस नजरकैदेत होता. इटलीत त्याचं काही छापायची सोय नव्हती, म्हणून 'दोन नवी शास्त्रे' हे त्याचं शेवटचं मोठं पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. त्यात दोन टोकांना टांगलेल्या दोरीबद्दल दोन विधानं आहेत. पहिलं असं, की कितीही जोर लावा, दोरी पूर्ण सरळ कधीच होणार नाही. दुसरं असं, की लोंबणाऱ्या साखळीचा आकार जवळजवळ पॅराबोलासारखा (आपला शाळेतला अन्वस्त) असतो, आणि बाक जितका कमी तितका जास्त जुळतो.

मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या विधानात आहे. आकडे घालून बघू. आपल्याकडे १३२ केव्हीच्या लाइनवर 'पँथर' नावाची तार सर्रास असते. मधे स्टीलचे ७ पदर, त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमचे ३०, जाडी २१ मिलिमीटर. एक मीटर तारेचं वजन ०.९७४ किलो, आणि साधारण ९१४४ किलोच्या ताणाला ती तुटते. तलवाड्याच्या शिवारासारखी सपाट जमीन धरा. दोन टॉवर ३२० मीटर अंतरावर, तार दोन्हीकडे सारख्याच उंचीवर बांधलेली.

मधल्या तारेचं वजन झालं ३१२ किलो. दोन टॉवरनी मिळून ते उचलायचं, म्हणजे प्रत्येकी १५६. तार फक्त स्वतःच्या दिशेनेच ओढू शकते. ती अगदी आडवी असेल तर तिची ओढही आडवीच असणार, वर उचलणारा भाग शून्य. मग १५६ किलो कोण पेलणार? म्हणून टॉवरपाशी तार थोडीतरी खाली कललेलीच पाहिजे. कल जितका कमी, तितकी त्याच १५६ किलोसाठी ओढ जास्त. हिशोब असा:

```
d = w L² / (8 T)
```

d झोळ, w मीटरमागे वजन, L टॉवरमधलं अंतर आणि T ताण. फक्त १ मीटर झोळ ठेवायचा म्हटलं तर ताण येतो सुमारे १२,४७० किलो. तार त्याआधीच तुटली! म्हणून रोजच्या तापमानाला (आपल्याकडे ३२ अंश धरतात) ताण तुटण्याच्या ताणाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त ठेवत नाहीत. पाव म्हणजे २२८६ किलो, आणि मग झोळ निघतो ५.४५ मीटर. झोळ हा आळशीपणा नाही मामा, ती तारेची किंमत आहे.

आता गॅलिलिओचं दुसरं विधान. त्यावरून पुढे बरंच रामायण झालं. १६४६ मध्ये सतरा वर्षांच्या ख्रिस्तियान हायगेन्सने दाखवून दिलं की लोंबती साखळी पॅराबोला असूच शकत नाही. मग तिचा खरा आकार कोणता? १६९० मध्ये याकोब बर्नुलीने हा प्रश्न जाहीर आव्हान म्हणून टाकला, आणि १६९१ मध्ये लायब्निझ, हायगेन्स आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान अशा तिघांची उत्तरं आली. त्या वक्राला आज कॅटेनरी म्हणतात. तेव्हापासून पुस्तकांमधे "गॅलिलिओ इथे चुकला" असं एक वाक्य असतंच.

मी आमच्या पँथर तारेसाठी दोन्ही आकारांचा झोळ काढून पाहिला. ५.४५ मीटरमधे दोघांत फरक पडतो सुमारे २ मिलिमीटर! तारेच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका. कारण उघड आहे, पॅराबोलात वजन सरळ आडव्या अंतरावर वाटलेलं धरतो आणि कॅटेनरीत तारेच्या लांबीवर. ३२० मीटरच्या गाळ्यात तार लागते ३२०.२५ मीटर. म्हणजे हा सगळा साडेपाच मीटरचा झोळ फक्त २५ सेंटिमीटर जास्तीच्या तारेतून आलेला असतो. ही गोष्ट मला पचायला वेळ लागला... "बाक कमी तितका जास्त जुळतो" असं म्हाताऱ्याने लिहूनच ठेवलं होतं की!

आणि या २५ सेंटिमीटरमधेच उन्हाळ्याची गोष्ट लपलेली आहे. तारेतून भरपूर वीज चालू आहे, वरून मे महिन्याचं ऊन. तार ७५ अंशांपर्यंत जाऊ शकते, डिझाइनमधे तसं धरतात. ४३ अंशांच्या वाढीने आपली तार लांबते साडेचोवीस सेंटिमीटर. ३२० मीटरला साडेचोवीस सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, पण मुळात जास्तीची तार होती तेवढीच, म्हणजे ती दुप्पट झाली! सुदैवाने झोळ वाढला की ताण कमी होतो आणि ताणलेली तार थोडी आखडते. दोन्हींचा मेळ घातला की ताण उतरतो १७६७ किलोवर आणि झोळ होतो ७.०६ मीटर. तार दीड मीटरहून जास्त खाली आली. उलट थंडीत १० अंशांना ताण २६७५ किलो आणि झोळ ४.६६ मीटर.

टॉवरची उंची ठरवताना हा ७.०६ चा आकडा घ्यायचा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत १३२ केव्हीच्या तारेखाली जमिनीपासून किमान ६.१ मीटर मोकळी जागा सांगितली होती. ती सगळ्यात गरम दिवशीही राहिली पाहिजे. नाही राहिली तर काय होतं, ते १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत दिसलं. ओहायोत ३४५ केव्हीच्या तीन लाइन पाऊण तासाच्या आत एकामागून एक, झोळ येऊन खाली वाढलेल्या झाडांना टेकल्या. लोड ठरलेल्या मर्यादेतच होता, झाडंच वेळेवर छाटली नव्हती. संध्याकाळपर्यंत अमेरिका-कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात.

हे झालं सपाट जमिनीचं. बीड जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरीकाठचा सपाट, पण दक्षिणेला बालाघाटचे डोंगर आहेत. मांजरसुंब्याचा घाट चढलेल्यांना माहीत आहे. तिथे दोन टॉवर एका पातळीवर कसे येणार?

समजा एका टोकाला तार १० मीटर जास्त उंच बांधली. ताण तोच २२८६. तारेचा सगळ्यात खालचा बिंदू आता मधोमध राहत नाही, खालच्या टॉवरकडे ७३ मीटर सरकतो. खालच्या टॉवरवरून मोजला तर झोळ फक्त १.६ मीटर, वरच्यावरून ११.६. पण दोन्ही टोकं जोडणाऱ्या तिरप्या रेषेपासून मधोमध मोजला तर तो तोच, ५.४५!

फरक वाढत गेला की खालचा बिंदू खालच्या टॉवरवरच येऊन पोचतो. हे होतं उंचीतला फरक झोळाच्या चौपट झाला की. ३२ अंशांना ही मर्यादा २१.८ मीटर. आता ओढ्याच्या खोलगटात एक टॉवर आहे आणि दोन्ही बाजूंचे टॉवर २० मीटर वर आहेत असं धरा. २० हे २१.८ पेक्षा कमी, म्हणजे ठीक. त्या टॉवरवर तारेचं थोडं, २६ किलो वजन येतं. पण जानेवारीच्या पहाटे १० अंशांना झोळ आखडतो आणि मर्यादा होते १८.६. आता तीच तार टॉवरला सुमारे २३ किलोने वर ओढते! लटकत्या इन्सुलेटरची माळ हलकी पडते, आणि आडव्या वाऱ्याने तार टॉवरच्या लोखंडाकडे झुलू शकते. म्हणून अशा जागी माळेखाली वजनं टांगतात, टॉवर उंच करतात, किंवा तार दोन्हीकडून घट्ट बांधून घेणारा टेन्शन टॉवर लावतात. उन्हाळ्यातली मोजणी जमिनीसाठी, हिवाळ्यातली खोलगटातल्या टॉवरसाठी. एकच मोसम तपासून चालत नाही.

मग साइटवर हा झोळ मोजतात कसा? तापमान बघून तक्त्यातून झोळ काढायचा. दोन्ही टॉवरवर, तार बांधायच्या जागेपासून बरोबर तेवढंच खाली एकेक आडवी पट्टी ठोकायची. एकाने टॉवरवर चढून एका पट्टीवरून दुसरीकडे नजर लावायची. तार त्या नजरेच्या रेषेला टेकली की "बस!" टॉवर एका पातळीवर नसले तरी हीच पद्धत चालते, कारण तिरप्या रेषेपासूनचा झोळ बदलत नाही हे आपण वर पाहिलंच.

दुसरी पद्धत मला फार आवडली. वीज सोडण्याआधी टॉवरजवळ तारेला एक झटका द्यायचा. लाट पलीकडच्या टॉवरला आपटून परत येते, ती वेळ मोजायची. झोळ = ९.८१ × वेळेचा वर्ग ÷ ३२. अंतर, वजन, ताण काहीच लागत नाही, सगळं एकमेकांत कटून जातं! आपल्या गाळ्यात ५.४५ मीटरला लाट ४.२ सेकंदांत परत यायला हवी. ४.८ लागले तर समजायचं की झोळ सात मीटरच्या वर गेलाय. घड्याळावर अर्ध्या सेकंदाचा फरक, शिवारात दीड मीटरचा.