बिल्टीवरचा उलटा कर

नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा, ही तरतूद जीएसटीबरोबर जन्माला आलेली नाही. 1959 च्या मुंबई विक्रीकर कायद्यातही ती होती. नोंदणी असलेला व्यापारी नोंदणी नसलेल्याकडून माल घेई, तेव्हा काही प्रकारांत त्याच्यावरच खरेदी कर बसे. कर पहिल्या टप्प्यावर सुटला, तर पुढच्या माणसाच्या वहीत तो पकडायचा, हा त्यामागचा विचार. आजच्या आरसीएमचे, म्हणजे रिव्हर्स चार्जचे, हे एक मूळ. दुसरे मूळ ट्रकांच्या रस्त्यावर आहे आणि छोट्या कारखानदाराचा रोजचा संबंध त्याच्याशीच येतो.

नोव्हेंबर 1997 मध्ये केंद्राने मालवाहतुकीवर सेवा कर बसवला. पण देशातले ट्रक असंख्य लहान मालकांच्या हातात विखुरलेले. एकेकाला नोंदवून त्यांच्याकडून विवरणपत्रे घेणे सरकारच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून नियमांत शब्द फिरवले आणि भाडे देणारा गिऱ्हाईक हाच कर भरणारा ठरवला. जून 1998 पासून या कराला सूट मिळाली, पण मधल्या सात महिन्यांचा प्रश्न उरला. लघुउद्योगांची संघटना ‘लघु उद्योग भारती’ सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जुलै 1999 मध्ये जिंकली. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते : मूळ कायदा सेवा देणाऱ्यावर कर बसवतो, नियम लिहून तो सेवा घेणाऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

माझ्या मते या कथेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच. आणि त्याचा शेवट छोट्या उद्योगाच्या बाजूने झाला नाही. 2000 च्या वित्त कायद्याने मागच्या तारखेपासून दुरुस्ती करून तीच वसुली वैध ठरवली, 2003 मध्ये ती आणखी पक्की केली आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मान्यही केली. जी गोष्ट नियमाने करता येत नव्हती, ती संसदेच्या कायद्याने करता येते, हे तेव्हा ठरून गेले.

दरम्यान 2004 मध्ये ‘गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी’ या नावाने कर परत आला. ऑगस्टमध्ये ट्रकवाल्यांनी देशव्यापी संप केला आणि सरकारने अंमलबजावणी थांबवली. 1 जानेवारी 2005 पासून जी तडजोड लागू झाली तिचे रूप आजही ओळखू येते. भाड्याच्या फक्त 25 टक्के रकमेवर कर, आणि भाडे देणारा कारखाना, कंपनी, सोसायटी, भागीदारी संस्था अशा ठरावीक यादीतला असेल तर भरणा त्यानेच करायचा. ट्रकवाल्याला कचेरी चुकली. कारखान्याच्या मुनिमाचे काम वाढले. सुटकेचा एक दरवाजा मात्र ठेवला होता : एका गाडीचे भाडे 1500 रुपयांपर्यंत, किंवा एकाच माल घेणाऱ्याचे 750 पर्यंत असेल तर कर नाही.

जुलै 2017 मध्ये जीएसटीने ही यादी जवळजवळ तशीच उचलली, पण तिच्यात एक भर घातली : जीएसटीत नोंदणी असलेली कोणतीही व्यक्ती. जुन्या यादीत कारखाना नसलेल्या एकट्या मालकाच्या दुकानाला जागा नव्हती. आता तोही आत आला. 18 जुलै 2022 पासून 1500 आणि 750 चा दरवाजाही बंद झाला.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. मालकाने मशीनिंग केलेले जॉब पुण्याला पाठवले. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी फाडली. भाडे 12,000, आणि ते वर्कशॉपनेच दिले. 5 टक्क्यांनी कर 600 रुपये : 300 केंद्राचे, 300 राज्याचे. खात्यात चाळीस हजारांचे क्रेडिट पडून असले, तरी ते इथे चालत नाही. हे 600 रोखीनेच भरावे लागतात. मग जीएसटीआर-3बीच्या 3.1(d) या रकान्यात ते दाखवायचे आणि इतर अटी पूर्ण असतील तर क्रेडिट घ्यायचे. ट्रान्सपोर्टवाल्याची नोंदणी नसेल, तर त्याच्या वतीने स्वतःच बिल बनवायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून त्याला 30 दिवसांची मुदत आहे.

बिल्टी ‘टू पे’ असती, म्हणजे भाडे पुण्याच्या पार्टीने माल उतरवताना दिले असते, तर कर तिच्यावर गेला असता. आणि मालकाने गावातला टेम्पो सांगून, बिल्टी न फाडता, माल गोकुळ शिरगावला नेला असता तर करच नव्हता. बिल्टी न देणारा टेम्पोवाला कायद्याच्या लेखी एजन्सी नाही आणि त्याचे भाडे करमुक्त आहे. माल कुणाचा, कुठून कुठे, कोणत्या गाडीत, हे लिहून मालाची जबाबदारी घेणारा कागद असेल तरच हा कर लागतो. कागदाचे नाव काय, याला महत्त्व नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने स्वतः कर लावून बिल दिले असेल, तर परत भरायचा नाही. तसा पर्याय निवडल्याचे घोषणापत्र त्याच्या बिलावर आहे का, एवढे पाहायचे.

चूक सापडते ती वर्षअखेरीला. नफातोटा पत्रकातला ‘भाडे व हमाली’चा आकडा आणि 3.1(d) मधला आकडा शेजारी ठेवले की फरक दिसतो, आणि तपासणी अधिकारीही तेच करतात. कर क्रेडिटने परत मिळतो. त्यावरचे वार्षिक 18 टक्के व्याज मात्र कायमचे जाते. याहून कठोर गत दोघांच्या भागीदारी संस्थेची. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असली, तरी तिने बिल्टीवर भाडे दिले की नोंदणी सक्तीची होते. तेवढ्याच उलाढालीच्या, कारखाना नसलेल्या एकट्या मालकाला ती सक्ती नाही. हा भेद मला अन्यायाचाच वाटतो.

खरेदी कराचे ते जुने मूळही जीएसटीत पुन्हा फुटले. पहिल्या दिवसापासून नोंदणी नसलेल्याकडच्या सगळ्या करपात्र खरेदीवर आरसीएम होता. दिवसाला 5000 रुपयांपर्यंत तेवढी सूट. स्टेशनरीवाला, सुतार, गॅरेजवाला, प्रत्येकाच्या पावतीसाठी स्वतःचे बिल बनवायचे. व्यापारी नोंदणी नसलेल्यांकडून माल घेणेच टाळू लागले. 13 ऑक्टोबर 2017 पासून ही तरतूद स्थगित झाली आणि फेब्रुवारी 2019 पासून ती सरकार ठरवील त्या वर्गांपुरतीच, मुख्यतः बांधकाम व्यावसायिकांपुरती, उरली.

पण 10 ऑक्टोबर 2024 पासून धातूच्या भंगारासाठी ती वेगळ्या कलमाने परत आली, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला ती थेट भिडते. नोंदणी नसलेल्या भंगारवाल्याकडून 72,000 रुपयांचे भंगार घेतले, तर 18 टक्क्यांनी 12,960 रुपये फाउंड्रीने रोखीने भरायचे. क्रेडिट मिळते, पण खेळत्या भांडवलातून ते पैसे आधी जातात. त्या भंगारवाल्याची उलाढाल 40 लाखांच्या पुढे गेली की त्याला नोंदणी घ्यावीच लागते, आणि मग करही तोच लावतो. त्यामुळे खरेदीच्या दिवशी त्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर पाहून घेणे, हे आता फाउंड्रीच्या वजनकाट्यावरचेच काम झाले आहे.